बिझनेस प्लॅन घेण्याआधी: नेमके किती युजर, किती प्रोजेक्ट, हे व्हेंडरकडून लेखी कसं घ्यायचं

सॉफ्टवेअर कंपनीच्या दरपत्रकात ‘बिझनेस प्लॅन: २५ युजर, ५० प्रोजेक्ट’ अशी एक ओळ असते आणि बहुतेक खरेदी त्या ओळीवरच होते. युजर म्हणून कोणाकोणाला धरणार, आणि संपलेला प्रोजेक्ट मोजणार की सोडणार, हे त्या ओळीत नसतं. ते नियम-अटींच्या पानात कुठेतरी असतं, किंवा फक्त त्यांच्या सेल्सवाल्याला माहीत असतं. पैसे भरायच्या आधी एक नीट ईमेल पाठवली, तर हे सगळं लेखी मिळतं. ती ईमेल कशी तयार करायची आणि आलेलं उत्तर कसं तपासायचं, ते एका उदाहरणातून पाहू.

उदाहरणाला कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतली एक मध्यम फाउंड्री घेऊ. ग्राहकाकडून नवीन पार्टचं ड्रॉइंग येतं, तो कसा ओतायचा ते ठरवणारं मेथडिंग होतं, पॅटर्न आणि कोअर बॉक्स बनतात, पहिलं सॅम्पल ओतलं जातं, मशिनिंगसाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरात जातं, तपासणी होते आणि शेवटी ग्राहकाची मंजुरी येते. आतापर्यंत हे सगळं एक्सेल आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालत होतं. आता प्रत्येक नवीन पार्ट हा एक प्रोजेक्ट धरून पुण्यातल्या एका कंपनीचं प्रोजेक्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर घ्यायचं आहे.

आधी आपली मोजणी

ईमेल लिहायला बसण्याआधी वही घ्या. ‘तुमच्या प्लॅनमध्ये किती युजर बसतात?’ असं विचारलं की वेबसाइटवरचाच आकडा परत येतो. आपले आकडे समोर ठेवून विचारलं तरच आपल्यापुरतं उत्तर मिळतं.

ऑफिसातली माणसं मोजायला सोपी. मालक दोघे, डिझाइनला तीन, मेथडिंगला दोन, पॅटर्न शॉपचा एक, क्वालिटीला तीन, प्लॅनिंगला दोन, डिस्पॅच एक, अकाउंट्स एक. झाले १५. यांच्याबद्दल वाद नाही, हे पूर्ण युजरच.

खरा घोळ कडेच्या माणसांत असतो. मोल्डिंग आणि मेल्टिंगला दोन शिफ्टमध्ये मिळून चार सुपरवायझर आहेत आणि चौघांत एकच टॅब आहे. त्यांना विचारलं तर म्हणतील, “एकाच लॉगिनवर चालवतो की आम्ही, वेगळं कशाला?” पण बऱ्याच कंपन्यांच्या अटींत एक लॉगिन एकाच माणसाचं असतं, ते वाटून वापरायला मनाई असते. उलट काही सॉफ्टवेअरमध्ये एकाच वेळी किती जण आत आहेत यावर मोजणी होते. तिथे शिफ्ट वेगवेगळी असेल तर चौघांच्या जास्तीत जास्त दोन जागा लागतील. पद्धत कोणती, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

मग ग्राहकांचे सहा इंजिनिअर. त्यांना फक्त पार्ट कुठवर आला ते पाहायचं आहे. उद्यमनगरातले पाच जॉबवर्कर आपापल्या पार्टचा तपासणी रिपोर्ट चढवणार आहेत. हे अकराही जण बाहेरचे. ‘पाहुणा’ म्हणून ते फुकट असतील, असं आपण गृहीत धरतो. पण फक्त पाहणारा आणि फाइल चढवणारा यांत अनेक व्हेंडर फरक करतात.

शेवटची जागा सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ती माणसाची नसते. टॅलीतून पर्चेस ऑर्डरची माहिती आपोआप यावी म्हणून जोडणी केली, तर त्या जोडणीसाठी काही ठिकाणी एक स्वतंत्र युजर काढावा लागतो आणि तो मोजला जातो.

एकूण हिशोब: १५ + ४ + ६ + ५ + १ = ३१. प्लॅनमध्ये जागा २५. म्हणजे हा प्लॅन पुरेल की नाही, हे सर्वस्वी मोजणीच्या नियमावर आहे.

प्रोजेक्टच्या बाबतीत तर फरक आणखी मोठा पडतो. समजा, महिन्याला सरासरी आठ नवीन पार्ट येतात आणि एक पार्ट मंजुरीपर्यंत जायला साधारण चार महिने लागतात. मग कोणत्याही दिवशी आठ गुणिले चार, म्हणजे ३२ प्रोजेक्ट चालू असणार. मर्यादा ‘एका वेळी चालू असलेल्या’ प्रोजेक्टची असेल, तर ५० वर्षभर पुरतात. ती ‘खात्यातल्या एकूण’ प्रोजेक्टची असेल, तर पहिल्या दिवशी हे ३२ आत घेतले की १८ उरतात आणि महिन्याला आठ या वेगाने तिसऱ्या महिन्यात खातं भरतं. वर्षअखेर एकूण आकडा १२८ होतो. आकडा ५० हाच, पण एका अर्थाने भरपूर आणि दुसऱ्या अर्थाने तीन महिनेही न पुरणारा.

जुने प्रोजेक्ट पुसून जागा करावी म्हटलं, तर फाउंड्रीत ते परवडत नाही. पार्ट मंजूर होऊन वर्ष झाल्यावर कास्टिंगमध्ये ब्लो-होल, म्हणजे हवेची पोकळी, असल्याची ग्राहकाची तक्रार आली, की त्या पहिल्या सॅम्पलचं मेथडिंग आणि तपासणी रिपोर्ट पुन्हा काढावेच लागतात. म्हणून अर्काइव्ह केलेला, म्हणजे न पुसता बाजूला काढून ठेवलेला, प्रोजेक्ट मोजला जातो का, याच्या जोडीला तो नंतर उघडून वाचता येतो का, हेही विचारायचं.

दराचं पान जपून ठेवा

ईमेल पाठवण्याच्या दिवशीच वेबसाइटवरचं दराचं पान पीडीएफ करून ठेवा, खाली तारीख येईल असं. ही पानं कधीही बदलतात. पानावर आकड्याआधी `up to` असेल किंवा `Unlimited` च्या शेजारी तारा असेल, तर खाली जाऊन बारीक अक्षरातली टीप वाचा. ‘अमर्याद प्रोजेक्ट’ म्हणणाऱ्या प्लॅनला बहुधा `Fair Use` नावाची अट जोडलेली असते किंवा साठवणुकीची जीबीतली मर्यादा असते. कास्टिंगची थ्री-डी मॉडेल्स जड असतात, त्यामुळे अमर्याद प्रोजेक्ट असूनही जागा आधी संपू शकते. असा प्लॅन असेल तर ईमेलमध्ये जीबीचा एक प्रश्न वाढवा.

ईमेल

सेल्सच्या माणसाशी फोनवर बोलणं झालं असेल तरी ईमेल पाठवाच. व्हेंडर परराज्यातला किंवा परदेशातला असेल तर हाच मजकूर साध्या इंग्रजीत लिहा, पण क्रमांक आणि आकडे असेच ठेवा.

> विषय: बिझनेस प्लॅन: खरेदीपूर्वी युजर व प्रोजेक्ट मर्यादेचा लेखी खुलासा हवा
>
> नमस्कार,
>
> आमची गोकुळ शिरगाव, कोल्हापूर येथे फाउंड्री आहे. नवीन पार्टच्या डेव्हलपमेंटसाठी तुमचा बिझनेस प्लॅन एका वर्षाकरिता घेण्याचा विचार आहे. तुमच्या वेबसाइटवर आज या प्लॅनमध्ये २५ युजर व ५० प्रोजेक्ट असे दिसते. त्या पानाची प्रत सोबत जोडली आहे. खरेदीचा निर्णय या महिनाअखेर घ्यायचा आहे. त्याआधी कृपया प्रत्येक प्रश्नाखाली उत्तर लिहून पाठवावे.
>
> १. आमचे १५ कर्मचारी रोज काम करतील. शिवाय दोन शिफ्टचे ४ सुपरवायझर एकाच टॅबवरून नोंदी करतील. या चौघांचे किती युजर धरले जातील?
>
> २. ग्राहकांचे ६ इंजिनिअर फक्त पाहतील. आमचे ५ जॉबवर्कर फक्त आपल्या पार्टचा रिपोर्ट अपलोड करतील. या ११ जणांपैकी किती जण २५ मध्ये मोजले जातील?
>
> ३. टॅलीशी जोडणी करण्यासाठी वेगळा युजर लागतो का? तो २५ मध्ये मोजला जातो का?
>
> ४. कर्मचारी सोडून गेल्यावर त्याचे खाते बंद केले, तर जागा त्याच दिवशी मोकळी होते का? त्याने केलेल्या नोंदी राहतात का? पाठवलेले पण अजून न स्वीकारलेले निमंत्रण मोजले जाते का?
>
> ५. ५० प्रोजेक्ट म्हणजे एका वेळी चालू असलेले, की खात्यातील एकूण? अर्काइव्ह केलेले, डिलीट केलेले आणि टेम्पलेट म्हणून ठेवलेले प्रोजेक्ट यांत मोजले जातात का?
>
> ६. अर्काइव्ह केलेला प्रोजेक्ट उघडून वाचता व त्यातील फाइल डाउनलोड करता येते का? तो पुन्हा चालू करता येतो का?
>
> ७. २६ वा युजर किंवा ५१ वा प्रोजेक्ट घेऊ लागल्यास सिस्टीम अडवते, की बिल आपोआप वाढते? वाढीव युजर एकेक मिळतो की गटाने, व कोणत्या दराने? वर्षाच्या मध्ये युजर कमी करता येतात का?
>
> ८. आमची एकूण गरज: वरीलप्रमाणे ३१ जण/जोडण्या, एका वेळी ३२ चालू प्रोजेक्ट, वर्षअखेर खात्यात एकूण १२८ प्रोजेक्ट. कोणतेही जादा शुल्क न भरता बिझनेस प्लॅन या गरजेला पुरतो का? हो किंवा नाही.
>
> ही उत्तरे तुमच्या कोटेशनमध्येही यावीत, ही विनंती.
>
> आपला,
> (नाव, पद, कंपनी, फोन)

एवढी लांब ईमेल कोण वाचणार, असं वाटेल. पण खरेदीची तारीख दिलेली असली की सेल्सवाला ती वाचतो. त्याला उत्तर माहीत नसेल तर तो टेक्निकल टीमला विचारतो, आणि आपल्याला हवं असतं ते हेच. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एक आकडा किंवा हो-नाही येईल अशीच वाक्यरचना ठेवली आहे. ‘पाहुण्यांबद्दल तुमचं धोरण काय?’ असं विचारलं असतं तर धोरणाची लिंक आली असती आणि वाचायचं काम आपल्याकडे राहिलं असतं.

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न म्हणजे आठव्या क्रमांकाचा. एखादी मोजणी आपल्याला सुचलीच नसेल, तरी ‘जादा शुल्क न भरता पुरतो का’ याला ‘हो’ लिहिताना समोरच्याला ती तपासावी लागते.

गोलमोल उत्तर आलं तर

पहिलं उत्तर बहुधा असं येतं: “आमच्या बिझनेस प्लॅनमध्ये २५ युजर आणि ५० प्रोजेक्ट मिळतात. तुमच्या कंपनीला ते आरामात पुरतील. डेमो कधी ठेवू या?” यात एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. इथे चिडायचं कारण नाही आणि डेमोची तारीखही द्यायची नाही. त्याच ईमेलला उत्तर देऊन दोन ओळी लिहा: “धन्यवाद. प्रश्न १ ते ८ यांची उत्तरं राहिली आहेत. ती मिळाली की लगेच डेमोची वेळ ठरवू.” राहिलेले प्रश्न क्रमांकाने सांगा, सगळं पुन्हा लिहू नका. फोन आलाच तर बोला, पण नंतर “आज आपण फोनवर असं सांगितलंत की…” म्हणून ईमेल टाका आणि ‘बरोबर आहे का’ असं विचारा. त्याला ‘होय’ एवढं उत्तर आलं तरी चालतं.

उत्तर आल्यावर पुन्हा हिशोब

आता समजा नीट उत्तर आलं. लॉगिन वाटून वापरता येत नाही, म्हणून चार सुपरवायझरचे चार युजर. फक्त पाहणारे पाहुणे दहापर्यंत फुकट. फाइल अपलोड करणारा मात्र पूर्ण युजर. टॅलीच्या जोडणीला एक युजर. बंद केलेल्या खात्याची जागा लगेच मोकळी होते, पण न स्वीकारलेलं निमंत्रण जागा अडवतं. प्रोजेक्ट फक्त चालू असलेलेच मोजतात, त्यात टेम्पलेटही धरतात आणि डिलीट केलेला प्रोजेक्ट तीस दिवस ट्रॅशमध्ये असेपर्यंत मोजला जातो. अर्काइव्हमधला वाचता येतो, पुन्हा चालू केला की मोजणीत येतो. सव्विसावा युजर घेतला की पाचांचा गट आपोआप जोडला जातो आणि वर्ष संपेपर्यंत तो कमी करता येत नाही. आठव्या प्रश्नाला उत्तर: हो.

उत्तर ‘हो’ असलं तरी मोजून पाहा. १५ + ४ + ५ + १ = २५. प्लॅन पुरतो, पण पहिल्याच दिवशी काठोकाठ भरतो. एखादा ट्रेनी घेतला, किंवा सोडून गेलेल्याचं खातं बंद करण्याआधी नव्याला निमंत्रण गेलं, की पाच जागांचं बिल वर्षभरासाठी डोक्यावर बसतं.

इथे दोन मार्ग आहेत. पहिला, सुरुवातीलाच पाच जागा जास्त घेणं. दुसरा मार्ग अशा फाउंड्रीला मला जास्त पटतो: जॉबवर्करनी रिपोर्ट ईमेलने पाठवावा आणि आवक तपासणीच्या वेळी क्वालिटीच्या माणसाने तो चढवावा. माल आल्यावर तो रिपोर्ट त्याच्या हातात असतोच. मग युजर उरतात २० आणि पाच जागा मोकळ्या राहतात. ज्यांचा बराचसा व्यवहार जॉबवर्कवरच चालतो आणि दिवसाला ढीगभर रिपोर्ट येतात, त्यांना मात्र हा मार्ग जाचक होईल. त्यांनी जागाच घ्याव्यात.

प्रोजेक्टचा हिशोब: ३२ चालू आणि समजा तीन टेम्पलेट, म्हणजे ३५. ठीक आहे. पण एखाद्या मोठ्या ग्राहकाची ऑर्डर आली आणि महिन्याला आठऐवजी बारा पार्ट येऊ लागले, तर बारा चोक ४८ अधिक तीन, ५१ होतात. वाढ होण्याची शक्यता दिसत असेल तर कितव्या पार्टला अडणार, हे आजच माहीत असलेलं बरं. मंजूर झालेला पार्ट त्याच आठवड्यात अर्काइव्ह करायचा, हे काम प्लॅनिंगच्या माणसाच्या नावावर लावून द्या. ते राहिलं की चालू प्रोजेक्टचा आकडा उगाच फुगतो.

ट्रायलमध्ये खात्री

लेखी उत्तर मिळालं तरी ते ट्रायलमध्ये पडताळून घ्या. आधी विचारा की ट्रायल नेमकी बिझनेस प्लॅनचीच आहे ना. पुष्कळदा ट्रायलला सगळ्यांत वरचा प्लॅन उघडून देतात आणि मग कसलीच मर्यादा लागत नाही.

खात्याच्या `Billing` पानावर वापरलेल्या युजरचा आकडा असतो. तो टिपून घ्या. मग स्वतःच्या खासगी ईमेलला पाहुणा म्हणून निमंत्रण पाठवा आणि ते स्वीकारण्याआधीच आकडा पुन्हा बघा. स्वीकारल्यावर बघा. त्या पाहुण्याने एक फाइल चढवून पाहावी. चढली तर त्याचा दर्जा आपोआप बदलला का, आकडा एकाने वाढला का? नंतर ते खातं बंद करा आणि आकडा खाली येतो का पाहा. प्रोजेक्टचंही तसंच: एक बनवा, अर्काइव्ह करा, दुसरा डिलीट करा, प्रत्येक वेळी आकडा बघा. अर्ध्या तासाचं काम आहे. उत्तरात आणि पडद्यावर फरक दिसला तर स्क्रीनशॉट जोडून त्याच ईमेलमालिकेत विचारा.

त्याच वेळी सेटिंगमध्ये निमंत्रण पाठवायचा अधिकार कोणाला आहे तेही बघा. अनेक सॉफ्टवेअरमध्ये तो सुरुवातीला सगळ्या सदस्यांना दिलेला असतो. डिझाइनमधल्या मुलाने चांगल्या हेतूने पॅटर्नवाल्याला जोडलं आणि बिल वाढलं, असं होऊ नये म्हणून तो फक्त अ‍ॅडमिनकडे ठेवा.

कोटेशन आणि पर्चेस ऑर्डर

ईमेलमध्ये मिळालेलं उत्तर शेवटपर्यंत उपयोगी पडेलच असं नाही. बहुतेक सॉफ्टवेअर करारांत `Entire Agreement` नावाचं कलम असतं. करारात लिहिलं आहे तेवढंच खरं, आधीची बोलणी आणि पत्रव्यवहार धरला जाणार नाही, असा त्याचा अर्थ. म्हणून मिळालेली उत्तरं कोटेशनमध्ये किंवा ऑर्डर फॉर्ममध्ये उतरवून घ्या आणि आपल्या पर्चेस ऑर्डरमध्ये कोटेशनचा क्रमांक व तारीख टाका. चार ओळी पुरतात:

> बिझनेस प्लॅन, १२ महिने. २५ पूर्ण युजर, शिवाय फक्त पाहणारे १० पाहुणे विनाशुल्क. एका वेळी ५० चालू प्रोजेक्ट. अर्काइव्ह केलेले प्रोजेक्ट मोजणीत नाहीत व मुदतभर वाचता येतील. युजरवाढ खरेदीदाराच्या लेखी मंजुरीनंतरच.

शेवटची ओळ मागून बघाच. सिस्टीम आपोआप जागा जोडते म्हणून व्हेंडर नकार देईल, पण कधी कधी तेवढ्यासाठी ते आपल्या खात्यापुरती ती सोय बंद करून देतात.

दराची तुलना करताना जीएसटी धरलेला आहे का ते पाहा. सॉफ्टवेअर सेवेवर १८ टक्के लागतो. पुण्याचा व्हेंडर असेल तर सीजीएसटी आणि एसजीएसटी ९-९ टक्के, परराज्यातला असेल तर आयजीएसटी. इनपुट क्रेडिट हवं असेल तर पैसे भरण्याआधीच आपला जीएसटीआयएन खात्यात नोंदवा. परदेशी व्हेंडर असेल तर नोंदणीकृत खरेदीदाराला रिव्हर्स चार्जने कर भरावा लागतो, ते आपल्या सीएला आधी सांगून ठेवा.

पैसे भरल्यावर ईमेलमालिका, दराच्या पानाची पीडीएफ, कोटेशन आणि पीओ एकाच फोल्डरमध्ये ठेवा. नूतनीकरण आपोआप होणार असेल तर ते थांबवण्यासाठी किती दिवस आधी कळवायचं हे करारात दिलेलं असतं. त्या तारखेच्या पंधरा दिवस आधीची आठवण कॅलेंडरमध्ये मालक आणि अकाउंट्स दोघांच्याही नावाने लावा, कारण जागा कमी करायची संधी वर्षातून तेवढी एकदाच मिळते.